शुगर लो झाली : पहिली पंधरा मिनिटं

डायबेटिसची गोळी नव्यानं सुरू झालेल्या घरात सगळा धाक एकाच गोष्टीचा असतो, शुगर वाढायला नको. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, चहा फिका होतो, खापरावरची पुरणपोळी ताटात पडली की सून सासऱ्याकडे बघते आणि सासरे छताकडे. वाढलेली शुगर शरीराचं नुकसान करते ते बहुतेक वेळा महिन्या-वर्षांत. खाली उतरलेली शुगर मात्र माणसाला अर्ध्या तासात जमिनीवर आणू शकते, आणि तेव्हा वरच्या फळीवरचा तोच डबा पटकन हाताशी लागतो. खाली लिहिलंय ते त्या अर्ध्या तासाबद्दल, त्यातही पहिल्या पंधरा मिनिटांबद्दल. वाचणारा स्वतः गोळी घेणारा असो किंवा त्याच्या घरातला, दोघांना हे ठाऊक हवं. शुगर उतरलेली असताना रोग्याचं डोकं धड चालत नाही, त्यामुळे बऱ्याचदा निर्णय शेजारी बसलेल्यालाच घ्यावा लागतो.

आधी गोळीची पट्टी उलटी करून वाचा

प्रत्येक गोळीनं शुगर लो होत नाही. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर हा प्रसंग सहसा येत नाही. नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' किंवा 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या एकट्या असतील तर त्यांच्याकडूनही क्वचितच. खरी काळजी घ्यायची ती ग्लायमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लायबेनक्लामाइड या गोळ्यांची, आणि अर्थात इन्सुलिनची. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, दिवसभर खाटेवर होतात की कापूस वेचत होतात, याची त्यांना काही फिकीर नसते. त्या आपलं काम करत राहतात.

आपल्याकडे बहुतेकांच्या हातात जोडगोळी असते, ग्लायमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि त्याखाली बारीक अक्षरात ही औषधांची नावं. बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर मेडिकलवाल्याला विचारा, "दादा, या गोळीनं शुगर लो होते का?" एवढा एक प्रश्न पुरतो.

पट्टीवर आणखी एक नाव शोधायचं, ते म्हणजे व्होग्लिबोज. तिहेरी गोळीत ते असतं. अकार्बोज हे त्याचंच भावंड. ही औषधं आतड्यात साखर फुटण्याचा वेग कमी करतात. रोजच्या जेवणासाठी ते चांगलंच, पण शुगर लो झाल्यावर तुम्ही साखर-पाणी पाजलं तर तीही आतड्यात अडकून बसते आणि रक्तात सावकाश पोचते. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी, कारण ग्लुकोजला फुटावं लागत नाही, ते जसंच्या तसं रक्तात जातं. डब्यावर 'ग्लुकोज' किंवा 'डेक्स्ट्रोज' लिहिलेलं बघून घ्या आणि गोळीच्या पट्टीवर पेनानं खूण करून ठेवा. हे डॉक्टरांच्या घाईत सांगायचं राहून जातं, म्हणून इथे जरा थांबून सांगितलं.

घाम कुठला, उन्हाचा की शुगरचा?

शुगर उतरायला लागली की शरीर आधी ओरडून सांगतं. अचानक घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, ओठाभोवती मुंग्या येतात आणि पोटात अशी भूक उसळते की समोर दिसेल ते खावंसं वाटतं. ही शरीराची धोक्याची घंटा आहे. ती ऐकली नाही तर दुसरा भाग सुरू होतो, तो मेंदूचा. मेंदूला साखर कमी पडली की माणूस चिडतो, बोलताना अडखळतो, साधा हिशेब चुकवतो, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतं, चाल लडखडते. "माले काही व्हयेल नई," असं ठणकावून सांगणारे आबा त्याच वेळी चप्पल उलटी घालत असतील, तर त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका, चपलेवर जा.

आपल्या भागात घोळ होतो तो उन्हामुळे. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास गेला की घाम सगळ्यांनाच येतो, चक्कर पुष्कळांना येते. उन्हाचा घाम येतो तेव्हा अंग तापलेलं असतं आणि तहान लागलेली असते. शुगरचा घाम बहुतेक वेळा गार आणि चिकट असतो, चेहरा पांढरा पडतो आणि तहानेपेक्षा भूक जास्त असते. सावलीत, पंख्याखाली बसून कपाळ डबडबलं असेल तर ऊन हे कारण विसरा. आणि दोन्हींत फरक करता येत नसेल तर? साखर द्या. जागा असलेल्या, नीट गिळू शकणाऱ्या माणसाला तीन चमचे साखर एकदा उगीच दिली गेली तर फारसं बिघडत नाही. लो असताना ती दिली नाही तर बिघडतं.

इथे ओआरएसबद्दल एक गोष्ट. उन्हाळ्यात घरोघरी ओआरएसची पुडी असते आणि 'त्यात ग्लुकोज असतंच की' म्हणून लोक तेच पाजतात. एक लिटर पाण्यात टाकायच्या पुडीत ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. म्हणजे एका पेल्यात जेमतेम अडीच-पावणेतीन ग्रॅम. उलटी-जुलाबाला, उन्हाला ते योग्य औषध आहे, शुगर लो झाल्यावर मात्र एक पेला ओआरएस म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

काही लोकांना ही घंटा ऐकूच येत नाही. वीस-पंचवीस वर्षांचा डायबेटिस असेल, किंवा वरचेवर शुगर लो होत असेल, तर शरीराला सवय होते आणि थरथर न येता थेट गोंधळ सुरू होतो. ब्लडप्रेशरसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर धडधड आणि थरथर झाकली जाते, पण घाम बहुतेकदा येतोच. अशा माणसाच्या घरच्यांनी घामावर लक्ष ठेवावं.

दारूचाही उल्लेख करायला हवा. दारू पोटात असेल तर यकृत साठवलेली साखर रक्तात नीट सोडत नाही, आणि रिकाम्या पोटी प्यायलेल्या माणसाची शुगर काही तासांनी उतरू शकते. तोंडाला वास येतोय म्हटल्यावर लोक 'पिऊन पडलाय, पडू द्या' म्हणून निघून जातात. डायबेटिसचा रोगी असेल तर वास येत असला तरी शुगर बघा.

पहिलं मिनिट

हातातलं काम थांबवा. मोटारसायकलवर असाल तर कडेला लावा, विहिरीच्या काठावर, शिडीवर किंवा मोटारीच्या स्टार्टरपाशी असाल तर तिथून बाजूला व्हा. 'एवढी एक सरी संपवतो' हे वाक्य इथे चालत नाही. खाली बसा. कोणाला तरी हाक मारा आणि मोठ्यानं सांगा की शुगर लो झाली आहे, कारण पाच मिनिटांनी ते सांगण्याच्या स्थितीत तुम्ही असालच असं नाही.

मशीन हाताशी असेल तर तपासा. 70 च्या खाली आकडा म्हणजे लो, उपचार सुरू करायचे. 54 च्या खाली म्हणजे गंभीर. पडद्यावर आकड्याऐवजी Lo अशी अक्षरं आली तर मशीनला मोजताही येणार नाही इतकी ती खाली आहे. मशीन घरी असेल आणि तुम्ही शेतात, तर मशीन आणायला कोणाला पिटाळून त्याची वाट बघत बसू नका. आधी साखर, आकडा नंतर.

आकडा घेण्याआधी हात धुवा, आणि हे आपल्या भागात दुप्पट लागू. नुकतंच केळं सोललंय, उसाचा रस हाताला लागलाय, गुळाचा खडा फोडलाय, आणि त्याच बोटाला टोचलं, तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि 60 ची शुगर मशीनवर दीडशे-दोनशे दिसू शकते. माणूस घामानं भिजलाय आणि मशीन म्हणतंय सगळं उत्तम! धुवायला पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून टाका आणि दुसऱ्या थेंबावर तपासा. दुसरी अडचण उन्हाची. बहुतेक मशीन साधारण 10 ते 40 अंशांमध्येच चालतात. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेलं मशीन एरर दाखवणार, आणि तिथेच ठेवलेल्या मशीनच्या पट्ट्याही खराब होणार. लक्षणं आणि आकडा यांचं जमत नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवा.

काय द्यायचं आणि किती

लक्ष्य आहे 15 ग्रॅम लवकर मिसळणारी साखर. घरच्या मापात सांगायचं तर चहाच्या चमच्यानं भरलेले तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा तीन-चार चमचे साखर, अर्ध्या पेला पाण्यात ढवळून. पेला पूर्ण भरू नका, थरथरणाऱ्या माणसाला जास्त पाणी पिववत नाही आणि निम्मं सांडतं. साखर-पाणी करायला वेळ नसेल तर नुसती साखर तोंडात घालून वर दोन घोट पाणी.

दुकान जवळ असेल तर साधं कोल्ड्रिंक दीडशे मिली, म्हणजे छोट्या बाटलीहून थोडं कमी. 'डाएट' किंवा 'झिरो' लिहिलेलं नको, त्यात साखरच नसते. फळाचा रस असेल तर तोही तेवढाच. उसाचा रस अर्धा पेला पुरे. गुळाचा लिंबाएवढा खडा चालतो, पण चघळत बसण्यापेक्षा पाण्यात विरघळवलेला बरा.

आता काय द्यायचं नाही ते. पेढा, बर्फी, चॉकलेट, आइस्क्रीम गोड असलं तरी त्यात तूप-दूध-चरबी असते आणि चरबी साखरेची वाट अडवते. चहा मी तरी सुचवणार नाही. आपल्याकडे काही झालं की पहिली धाव चहाकडे, पण आधण ठेवा, उकळा, गाळा, फुंकून प्या, यात दहा मिनिटं गेली, आणि एका कपात साखर पडली दीड चमचा. भाकरी, पोळी, बिस्किटं हीसुद्धा पहिल्या मिनिटांची वस्तू नाही.

आणि केळी? हा प्रश्न रावेर-यावलच्या माणसाला पडणारच. ज्या मुलखाच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे बांधावर दुसरं काही मिळो न मिळो, केळी मिळतेच. एका मध्यम पिकलेल्या केळ्यात साखर आणि पिष्ट मिळून पंचवीसेक ग्रॅम असतं, म्हणजे माल भरपूर. पण ती चावून, गिळून, पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो, साखर-पाण्यापेक्षा जास्त. कच्चट केळ्यात तर बहुतेक पिष्टच. म्हणून केळ्याचा नंबर दुसरा : आधी साखर-पाणी, शुगर सावरली की केळं. शेतात केळ्याशिवाय खरंच काही नसेल तर पिवळंधमक, ठिपके पडलेलं केळं निवडा, नीट चावून खा आणि तोवर कोणाला तरी साखर आणायला पाठवा. काहीच न देण्यापेक्षा केळं केव्हाही चांगलं.

मग पंधरा मिनिटं थांबायचं

सगळ्यात अवघड पायरी हीच. साखर पोटात गेली तरी रक्तात चढायला आणि मेंदूला पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ भूक तशीच उसळत असते. त्या भुकेच्या भरात माणूस साखर खातो, वर चार बिस्किटं, मग लाडू, मग भात. तासाभरानं शुगर तीनशेवर. घरचे म्हणतात, बघा, शुगर किती वाढली! आणि मग गोळी वाढवली जाते. हे चक्र पुष्कळ घरांत फिरतं. म्हणून साखर दिली की घड्याळ बघा, वेळ मोबाइलमध्ये लिहा, आणि पंधरा मिनिटं दुसरं काही खायला देऊ नका. अपवाद एकच, त्या वेळात तब्येत आणखी बिघडत असेल आणि माणूस नीट गिळत असेल तर दुसरा डोस लगेच द्या.

पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर, पुन्हा पंधरा मिनिटं. तीन फेऱ्या झाल्या तरी आकडा वर येत नसेल तर घरी बसू नका, दवाखाना गाठा. आकडा 70 च्या वर गेला की मग खरं अन्न द्यायचं. जेवणाची वेळ झाली असेल तर जेवण, नसेल तर केळं आणि मूठभर शेंगदाणे, किंवा अर्धी भाकरी आणि दूध. साखरेचा जोर तासाभरात ओसरतो, त्यानंतर शुगर धरून ठेवायचं काम भाकरीचं.

एक दिवस, घड्याळासकट

हे सगळं प्रत्यक्षात कसं होतं ते एका उदाहरणातून बघू. दिवाळीनंतरचे दिवस, पारोळ्याकडचं कापसाचं शेत. आबांचं वय चौसष्ट, रोज सकाळी नाश्त्याआधी ग्लायमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन 500 ची जोडगोळी. त्या दिवशी मजूर लवकर आले, म्हणून आबांनी साडेसातला गोळी घेतली, वर कोरा चहा, आणि निघाले. कळण्याची भाकरी सून अकराला घेऊन येणार होती.

पावणेअकरापर्यंत वाकून वेचणी. मग आबा मजुरांवर उगाच खेकसले, कापसाचं वजन दोनदा चुकीचं सांगितलं, शर्ट पाठीला चिकटलेला. हवेत तर गारवा होता. भाकरी घेऊन आलेल्या सुनेनं विचारलं, "आबा, बरं वाटतंय ना?" आबा म्हणाले, "भूक लागनी, भाकर दे पह्यले." तिनं भाकरी सोडली नाही. आबांना बांधावर बसवलं, हात धुवून तपासलं. 58. वेळ दहा पंचावन्न. पिशवीतल्या ग्लुकोज पावडरचे भरलेले तीन चमचे अर्ध्या पेला पाण्यात.

अकरा दहाला 64. आबा चिडलेले, भाकरी मागतायत. पुन्हा तीन चमचे. अकरा पंचवीसला 97, थरथर थांबली, वजन बरोबर सांगितलं. आता भाकरी, वांग्याची भाजी, वर कांदा.

पुष्कळ जण इथे 'संपलं' म्हणून पुन्हा वेचणीला लागतात. पण गोळी सकाळी साडेसातला पोटात गेली आहे आणि ग्लायमेपिराइडचा असर चोवीस तासांपर्यंत राहू शकतो. दिलेली साखर केव्हाच संपलेली असते, गोळी मात्र अजून कामावर असते. म्हणून सुनेनं आबांना घरी नेलं. एक वाजता 118. साडेतीनला काहीही लक्षण नसताना 74. आकडा 70 च्या वर आहे, पण खाली निघाला आहे, म्हणून एक केळं आणि शेंगदाणे. पाचला 105. रात्री पोटभर जेवण, झोपताना 132, आणि पहाटे तीनचा गजर लावून आणखी एकदा. दुसऱ्या दिवशीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन.

तेच आबा मूत्रपिंडाच्या त्रासाचे असते, किंवा गोळी ग्लायबेनक्लामाइडची असती, तर घरी थांबणं बरोबर नव्हतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर औषध शरीरात साठून राहतं आणि शुगर दोन-दोन दिवस पुन्हा पुन्हा उतरू शकते. अशा माणसाला शुद्ध असली, आकडा चांगला आला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचं, आणि डॉक्टर म्हणाले ठेवून घेऊ तर ठेवायचं.

गिळता येत नसेल तर

माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील, किंवा इतका गुंगीत असेल की पाण्याचा घोट ओठातून बाहेर येतोय, तर तोंडात काहीही घालू नका. ना साखर-पाणी, ना मध, ना रस. ते पोटात जाण्याऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि मग शुगरबरोबर फुप्फुसाचंही संकट. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, हातात लोखंड देणं यानं रक्तातली साखर एक आकडाही वर जात नाही, फक्त वेळ जातो.

डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे ठेवा म्हणजे माणूस पालथा पडत नाही, मान थोडी मागे, तोंड जमिनीकडे, म्हणजे लाळ-उलटी बाहेर जाईल. 108 ला फोन करा. गाव आत असेल आणि गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनात कुशीवर झोपवूनच न्या, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नाही. झटके येत असतील तर हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका. इन्सुलिन चालू असलेला रोगी असेल तर 'आजचं राहिलं असेल' म्हणून इन्सुलिन टोचण्याची घोडचूक करू नका.

गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या. दवाखान्यात पोचताच पहिलं वाक्य असं असू द्या : "डायबेटिसचा पेशंट आहे, ही गोळी घेतो, सकाळी इतक्या वाजता घेतली, जेवला नव्हता." शिरेतून ग्लुकोज दिलं की पुष्कळदा माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो आणि 'मी इथे कसा' म्हणतो. तिथूनच घाईनं घरी आणू नका. कारण वर आलंच आहे, गोळी अजून अंगात आहे. एक हातपाय लुळा पडलाय, तोंड वाकडं झालंय असं दिसलं तरी शुगर तपासायला सांगा. लो शुगर कधी कधी लकव्यासारखी दिसते. आणि शुगर सुधारूनही लुळेपणा राहिला तर तो लकवाच समजून एक मिनिट न घालवता पुढे हलवायचं.

असं का झालं, हे दुसऱ्या दिवशी शोधायचं

बहुतेक वेळा कारण साधं असतं. गोळी घेतली आणि जेवण लांबलं, जेवलो पण अर्धंच, किंवा रोजच्यापेक्षा जास्त राबलो. रात्रीची लाईट हे आपल्याकडचं खास कारण. संध्याकाळी सातला जेवून, गोळी घेऊन झोपायचं, बाराला उठून पाणी धरायला जायचं आणि पहाटेपर्यंत सरीसरीनं फिरायचं. अंधारात, एकटा, ओल्या मातीत. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल त्या आठवड्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा की गोळी किती आणि केव्हा. निघताना काहीतरी खा, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. रात्री झोपेतच शुगर उतरत असेल तर अंथरूण घामानं ओलं होतं, वाईट स्वप्नं पडतात, सकाळी डोकं जड असतं. या तक्रारी ऐकल्या की पहाटे तीनला एकदा तपासून बघा.

उपासाचं तसंच. एकादशी, नवरात्र, चैत्रात सप्तशृंगी गडाची पायी वारी. धुळ्या-जळगावकडून पायी निघालेला माणूस दिवसभर चालतो, खाणं वेळेवर होत नाही, गोळी मात्र वेळेवर घेतो. उपास करायचाच असेल तर गोळीचं गणित आठ दिवस आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. मनानं गोळी बंद करणं हे उत्तर नाही. आणि उपासाच्या दिवशी शुगर लो झाली तर संकोच करू नका, साखर-पाणी उपासाला चालतं, केळंही चालतं. आजीला हे आधी समजावून ठेवा, ऐन वेळी वाद नको.

डॉक्टरांना फोन करताना चार गोष्टी लिहून ठेवा : आकडा किती होता, किती वाजता, त्याआधी शेवटचं काय आणि केव्हा खाल्लं, आणि गोळी केव्हा घेतली. आठवड्यात दोनदा असं झालं, किंवा एकदाच पण दुसऱ्या कोणीतरी साखर पाजावी लागली, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. बहुतेकदा डोस कमी करावा लागतो किंवा गोळी बदलावी लागते. मोटारसायकल आणि ट्रॅक्टरला शुगर नीट झाल्यावरही पाऊण तास हात लावू नका, आकडा सुधारतो त्याच्यामागून डोकं सुधारतं.

डायबेटिसचं कुठलंही औषध चालू नसताना वारंवार असा घाम आणि थरथर होत असेल तर कारण दुसरं असू शकतं. तेव्हा साखर खाऊन दाबत बसण्यापेक्षा तो त्रास होत असतानाच शुगर तपासून घ्या आणि तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा.

शेतात नेण्याच्या पिशवीत काय ठेवायचं तेही सांगतो. ग्लुकोज पावडरच्या तीन पुड्या, प्रत्येकीत भरलेले तीन चमचे आधीच मोजून बांधलेले, कारण थरथरत्या हातानं चमचे मोजले जात नाहीत. अर्धा लिटर पाण्याची बाटली. एक चिठ्ठी, तिच्यावर नाव, गोळीचं नाव आणि घरच्या माणसाचा नंबर. पावसाळ्यात पुड्या ओल्या होऊन दगड बनतात, तेव्हा त्या झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा आणि महिन्याला बदला. नातवंडं पुड्या फस्त करतात, हेही लक्षात असू द्या.